दहा मिलिग्रॅम

तोंडी परीक्षेत पोरं-पोरी काय बोलतील याचा नेम नसतो. मेहकर रस्त्यावरच्या फार्मसी कॉलेजात मंजुश्री अकरा वर्षं औषधशास्त्र शिकवत होती. या अकरा वर्षांत तिनं यकृत छातीत असल्याचं ऐकलं होतं, मूत्रपिंडं तीन असल्याचं ऐकलं होतं, आणि एका महाभागानं तर रक्ताची वाहिनी म्हणून अन्ननलिकाच दाखवली होती. ती हसायची नाही. गुण कापायची आणि पुढच्याला हाक मारायची.

त्या दिवशी बाहेरचे परीक्षक म्हणून चंद्रशेखर सर आले होते. गप्पिष्ट माणूस, चहाला कधी नाही म्हणत नसत. साडेअकराच्या सुमारास काजल नावाची मुलगी समोर येऊन बसली. सरांनी प्रश्नांच्या यादीवर बोट फिरवलं आणि एका प्रश्नावर थांबले. तो प्रश्न मंजुश्रीनंच काढलेला होता, दरवर्षी काढायची तोच.

"एका पेशंटला दर चार तासांनी दहा मिलिग्रॅम मॉर्फिनचं इंजेक्शन चालू आहे," सर म्हणाले. "दुखणं आटोक्यात आहे. आता त्याला गोळीवर आणायचंय. किती मिलिग्रॅम द्याल?"

"दहाच ना, सर," काजल लगेच म्हणाली. "औषध तेच हाय, मिलिग्रॅम तेवढेच हायत. मंग असर बी तेवढाच."

सर खो खो हसले आणि मंजुश्रीकडे वळले. "काय मॅडम, फर्स्ट पास शिकवायचं राहून गेलं वाटतं!"

मंजुश्रीचं उत्तर तोंडपाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी दिलं असतं. ती काजलला सांगू लागली की सुईनं दिलेलं औषध कातडीखालून रक्तात उतरतं आणि जवळपास सगळंच्या सगळं अंगभर पोचतं. गोळीचं तसं नसतं. ती आतड्यात विरघळते, आणि आतड्यातलं रक्त बाकी शरीरात जाण्याआधी यकृतातून जातं. यकृत म्हणजे वेशीवरचा नाका. मॉर्फिन तिथं पहिल्याच फेरीत अडतं, त्यातलं बरंचसं तिथंच निकामी होतं, आणि दहातलं तीनेक पुढे जातं. म्हणून तोंडावाटे द्यायचं तर साधारण तिप्पट द्यावं लागतं.

"म्हणजे तीस," ती म्हणाली. काजलचं वाक्य तिनं आधी कुठं ऐकलं होतं ते तिला आठवलं. ते मंजुश्रीचंच होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं.

उरलेल्या नऊ जणांची परीक्षा तिनं घेतली, पण कशी घेतली ते विचारू नका. काजलच्या नावापुढे शून्य टाकायला पेन उचललं आणि तसंच ठेवून दिलं. तो आकडा शेवटी सरांनी टाकला. डोकं दुखतंय म्हणून ती दोन वाजता निघाली आणि स्कूटीनं डोणगावला परतली.

आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा संघपाल गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, उशिरा कळला. शहरातल्या एका दवाखान्यात शेवटी-शेवटी त्याला दर चार तासांनी कातडीखाली सुई देत, आणि सुई दिली की तो निवांत निजायचा, जागा झाला की दोन शब्द हसून बोलायचासुद्धा. तेव्हा त्याच्या आईनं, जनकाबाईनं, हट्ट धरला. उपाय संपलेच असतील तर माह्या लेकराले घरी न्या, त्याच्या घरात जाऊ द्या. दवाखान्यानं सुईऐवजी गोळ्या लिहून दिल्या आणि घरी सोडलं. घरी आल्यावर तो नऊ दिवस जगला, आणि ते नऊ दिवस त्यानं उशीचा कोपरा दातांत धरून काढले.

दवाखान्यात फोन केला होता. कोणीतरी घाईघाईनं विचारलं, गोळ्या वेळेवर देता ना? मंजुश्री म्हणाली, घड्याळ लावून देते. मग आजार वाढतोय, असं तिकडून उत्तर आलं.

तिसऱ्या दिवशी जनकाबाई कॉटपाशी बसून म्हणाली होती, "मंजू, सुई होती तवा निजत होता वो तो. गोळीनं काऊन नाही निजून राह्यला?"

सात पुस्तकंही न शिकलेल्या बाईनं नेमका तोच प्रश्न विचारला होता, जो मंजुश्री दरवर्षी फळ्यावर लिहायची. आणि दोन पदव्या घेतलेल्या सुनेनं काय उत्तर दिलं? "आई, औषध तेच हाय, मिलिग्रॅम तेवढेच हायत. तुमाले त्यातलं कळत नाही." चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे खरं. घरात ती मॅडम नव्हती, मरणाऱ्या माणसाची बायको होती, हेही खरं. पण खरं असून त्याचा उपयोग काय? संघपालनं ते ऐकलं आणि त्यानंतर त्यानं कण्हणंही बंद केलं. आपल्याच बायकोला औषधातलं कळतं, मग आपणच कमी पडतोय असं त्याला वाटलं असेल. हे आज, गेटपाशी स्कूटी लावताना, तिच्या मनात पहिल्यांदा आलं. ती थेट आत गेली.

घरात आता दोघीच. बोलणं मीठ-तिखटापुरतं, दुधाच्या पिशवीपुरतं. जनकाबाई पुढच्या खोलीत, मंजुश्री मागच्या. विहारातून परतताना एक पुढे चाले, एक मागे. याचं कारण दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघीही ते बोलत नव्हत्या. कोणी भेटायला आलं की जनकाबाई एकच गोष्ट सांगायची. परवाच शेजारच्या गोजरबाईला सांगत होती, "दवाखान्यात चांगला निजत होता माहा संघपाल. मीच मेली हट्ट केला. घरी आणला म्हणून तडफडून गेला." गोजरबाई म्हणाली, असं नसतं बाई. मंजुश्री आतून ऐकत होती. तिनं बाहेर येऊन काही म्हटलं नाही. कारण तिलाही तसंच वाटत होतं. म्हातारीनं हट्ट केला नसता तर सुई सुटली नसती. आठ महिने तिनं हा राग जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून सासूला जेवू घातलं होतं.

तिनं कपाटातून दवाखान्याची फाईल काढली. घरी सोडतानाचा कागद वरच होता. "इंजेक्शन" हा शब्द खोडून त्यावर "गोळी" लिहिलं होतं. पुढचा दहाचा आकडा तसाच होता. कोणाच्या तरी घाईच्या हातानं एक शब्द बदलला आणि आकडा बदलायचा राहिला. हा कागद नऊ दिवस घड्याळाखाली चिकटवलेला होता, आणि दिवसातून सहा वेळा ती त्याच्याकडे बघून गोळी काढत होती. एक फोन करून एवढंच विचारायचं होतं, डॉक्टर, आकडा बदलायचा राहिला का?

आता हे कोणालाही कळणार नव्हतं. डॉक्टर विसरून गेले असतील. जनकाबाईला वाचता येत नव्हतं. कागद चुलीत घातला असता तर तिच्या हाती हे एक घर आणि त्यातलं एक माणूस तरी, जसं आहे तसं, राहिलं असतं. आणि ते माणूस उरलेलं आयुष्य आपण लेकराला मारलं म्हणत काढणार होतं.

मंजुश्रीनं फाईल कपाटात परत ठेवली. मग कागद घेऊन पुढच्या खोलीत गेली.

जनकाबाई भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होती. दुपारी आडवं व्हायचं तिनं आठ महिने सोडलं होतं. डोळे मिटले की तो दिसते, म्हणायची.

"आई, तुम्ही त्याले घरी आणलं म्हणून त्याले दुखलं नाही," मंजुश्री म्हणाली.

म्हातारीचा हात थांबला. "मंग?"

मंजुश्री खाली बसली. सुपातल्या दाण्यांतले दहा दाणे तिनं मोजून फरशीवर ठेवले. "सुईतून हे दहा अंगात जात होते. सगळे. गोळीतले दहा आधी लिव्हरमधून जातात. तिथं सात संपतात." तिनं सात दाणे बाजूला सारले. "एवढे तीनच पोचत होते त्याच्याजवळ. दहा पोचवायचे तर तीस द्यावे लागतात. आपण दहाच देत होतो."

जनकाबाई त्या तीन दाण्यांकडे बघत राहिली.

"म्हणजे एका गोळीच्या जागी तीन?"

"हाव. डॉक्टरले विचारून, पण तीन."

"अन् तुह्यापाशी होत्या का तेवढ्या?"

मंजुश्रीची या प्रश्नाची तयारी नव्हती. "पंधरा दिवसांच्या दिल्या होत्या. छत्तीस उरल्या. डब्यात हायत अजून."

"घरातच होत्या मंग," म्हातारी म्हणाली.

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार फाट्यापर्यंत ऐकू येत राहिला. जनकाबाईनं मान वर केली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"तुले हे येत होतं ना? आधीपासून?"

"अकरा वर्षं झाली, पोरांले शिकवते मी हे."

"मले म्हटलं होतं तू, तुमाले कळत नाही."

"हाव आई. म्हटलं होतं."

मंजुश्री वाट बघत होती. शिवी देईल, सूप फेकेल, निघ म्हणेल. पुढं काय होईल ते होवो, म्हणून ती आली होती. जनकाबाईनं मात्र एवढंच विचारलं, "मंग मी आणलं म्हणून नाही ना दुखलं त्याले? दवाखान्यात असता तरी सुई सोडून गोळी दिली असती, तर दुखलंच असतं?"

"दुखलंच असतं. आणि इथं घरी बराबर गोळी मिळाली असती, तर निजला असता. तुमच्या मांडीवर निजला असता."

जनकाबाई रडली. मोठ्यानं नाही, पदर तोंडाला लावून, बऱ्याच वेळानं हुंदका बाहेर येईल अशी. मंजुश्रीनं हात पुढे केला, पण म्हातारीनं तो धरला नाही, ढकललाही नाही. रडणं सरलं तशी ती उठली, संघपालच्या कॉटवर गेली, जिथं आठ महिन्यांत कोणी पाठ टेकली नव्हती, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. थोड्या वेळानं तिचा श्वास लांब आणि संथ येऊ लागला. तिला गाढ झोप लागली होती.

मंजुश्रीनं चहा टाकला आणि सवयीनं दोन कप भरले. तिनं सासूला उठवलं नाही. फरशीवरचे दहा दाणे तसेच पडले होते, तीन इकडे आणि सात तिकडे. तिनं ते वेचून सुपात टाकले, उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलू लागली. कॉटकडे तिनं एकदाही बघितलं नाही. आता डोळे मिटले की तो तिला दिसणार होता.