आडव्या रेघेचं वजन

हुकूम निघाला की बशीरला तीन गोष्टी मिळणार होत्या. नोकरी कायम होणार होती, सरकारी सायकल येणार होती, आणि मुरुमच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बापाला 'हमाल' ऐवजी 'देवी डाक्तरचा बाप' म्हणणार होते. चौथी गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. सासरा दारात उभा राहून 'या' म्हणेल, अशी त्याची आशा होती. आतापर्यंत सासरा फक्त मान हलवायचा.

हे सगळं एका अटीवर होतं. नेमून दिलेल्या तीन गावांत त्यानं शंभरातल्या ऐंशी माणसांना देवीची लस टोचली पाहिजे. ही सन त्रेसष्टची गोष्ट. उमरग्याच्या विकास गटाच्या कचेरीत त्या उन्हाळ्यात लसीशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

बशीर हिशोब ठेवायचा तो बापासारखा. मोंढ्यातला बाप हातगाडीवर पोती चढवताना भिंतीवर कोळशानं रेघ मारी. चार पोती, चार उभ्या रेघा. मग त्यांच्यावरून एक आडवी, म्हणजे गाडी भरली, निघाली. आडवी रेघ पोत्याची नव्हे, गाडी सुटल्याची. बशीर लहानपणी भिंतीवर हेच वाचायला शिकला, आणि पुढं टोचतानाही त्यानं तेच केलं. चार माणसं, चार रेघा, आडवी मारायची, कपाळाचा घाम पुसायचा, पुढचा हात धरायचा.

बेरीज करणं त्याचं काम नव्हतं. कागद कचेरीत आणून द्यायचे. बेरीज शिवलिंग करायचा.

शिवलिंग कारकून. जुळवून लावायचा त्याला लई नाद. चारांवर आडवी म्हणजे पाचाची जुडी, हे तो लातूरच्या शाळेत शिकलेला होता, आणि शाळेत शिकलेल्याबद्दल त्याला शंका घ्यायची सवय नव्हती. जुड्या मोजल्या, पाचानं गुणल्या, सुट्या रेघा मिळवल्या. बिबेवाडी: एकोणपन्नास जुड्या, दोन सुट्या. दोनशे सत्तेचाळीस. कोरटगाव: पंचावन्न जुड्या, तीन सुट्या. दोनशे अठ्ठ्याहत्तर. हाळवाडी: तीस जुड्या, एक सुटी. एकशे एक्कावन्न.

साहेब महालिंगप्पांना आकडे वाचायचा कंटाळा. "शिवलिंग, मला दुरून दिसलं पाहिजे," ते म्हणायचे. आलेखाचा कागद कचेरीत नव्हता, टंकायचं मराठी मशीनही नव्हतं. तेव्हा शिवलिंगनं इंग्रजी मशीनवर एक्सची पट्टी काढली. दहा माणसांमागं एक एक्स. पाच आणि वर उरली तर आणखी एक, कमी उरली तर सोडून द्यायची. गावाचं नाव शाईनं. मशीनचं प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं, त्यामुळं वरची पट्टी आणि खालची पट्टी डोळ्यांनीच तोलता येई.

बिबेवाडी
लोक xxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxx
लस  xxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxx

कोरटगाव
लोक xxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxx
लस  xxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxx

हाळवाडी
लोक xxxxxxxxxxxxxxxxxx
लस  xxxxxxxxxxxxxxx

कागद बाकीच्या गावांच्या पट्ट्यांशेजारी भिंतीवर चढला, एक प्रत जिल्ह्याला गेली, आणि महालिंगप्पांनी बशीरच्या पाठीवर थाप मारली. थाप मारताना त्यांनी बिबेवाडीच्या ओळीकडं पाहिलं नव्हतं.

बशीरनं पाहिलं. हाळवाडीत दहा-दहाचे पंधरा एक्स बघून त्याचे ओठ आपोआप हलले. तीस गाड्या, म्हणजे एकशे वीस, वर एक. मग पंधरा कसे? दुसऱ्यांदा मोजलं. तेव्हाच त्याला कळलं, की शिवलिंगनं आडव्या रेघेलाही माणूस धरलं. एकशे चौतीस जुड्या, एकशे चौतीस माणसं हवेतली.

तोंड उघडायची वेळ ती होती. खरा हिशोब त्यानं तिथंच उभ्यानं केला. बिबेवाडीत ऐंशी टक्के झाले होते, उलट वर. कोरटगावात पंचवीस कमी, हाळवाडीत तेवीस कमी. अठ्ठेचाळीस माणसं. दोन दिवसांचं काम, फार तर तीन.

"बशीर, पुढच्या महिन्यात हुकूम," महालिंगप्पा म्हणाले.

"जी साहेब," बशीर म्हणाला. एवढंच म्हणाला.

संध्याकाळी त्यानं कोठीतून लशीच्या दोन नळ्या मागितल्या. कोठीवाल्यानं दार न उघडताच भिंतीकडं बोट केलं. "तुझी गावं झाली की. नळ्या मोजून येतात, बाबा. ज्याची पट्टी आखूड, त्याला नळी." म्हणजे काम पुरं करायला लस पाहिजे, लस मिळायला काम अपुरं दिसलं पाहिजे, आणि ते दिसायला बशीरनं बोललं पाहिजे. बोललं की हुकूम गेला. त्यानं हे तिन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. दार कुठंच नव्हतं.

आठव्या दिवशी नर्स गजराबाई औषधं न्यायला आली. पदर खोचून भिंतीसमोर उभी राहिली आणि बोटानं दोन्ही ओळींची टोकं जुळवू लागली.

"साहेब, बिबेवाडीत माणसं चोवीस आन् टोचलेली पंचवीस?"

"पाहुणे आले असतील," महालिंगप्पा कागदातून वर न बघता म्हणाले.

"एवढे पाहुणे आले तर जेवायला कोण घालतंय? त्या वाडीत मला चहा मिळत न्हाय."

कचेरीत हशा झाला. शिवलिंग मात्र हसला नाही. आपल्या पट्टीला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. दुपारी त्यानं बशीरचे चुरगळलेले कागद काढले, आणि बशीरला कोपऱ्यात घेतलं.

"बशीरभाई, ही आडवी कशाची?"

"गाडी सुटल्याची."

"कसली गाडी? टोचताना गाडी कुठनं आली?"

"बाप पोती मोजतो तशी. चार झाले की आडवी मारतो म्या. आडवी मोजायची न्हाय."

शिवलिंगनं ते कागद पुन्हा एकदा जुडीजुडीनं पाहिले. मग कागद घडी करून खिशात घातले, आणि खिशावर हात ठेवला. "तू मला आधी का न्हाय सांगितलंस?"

"तुमी मला कधी इचारलं?"

"बेरजेखाली माझी सही हाय. साहेबांची हाय. जिल्ह्याला गेलीय. आता हे कुणाला बोलायचं न्हाय. ना तू, ना मी."

बशीरला वाटलं, आपण एकटे नाही. लगेच हेही वाटलं, की आता एकट्याला बाहेरही पडता येणार नाही.

अकराव्या दिवशी बातमी आली. हैदराबादकडं जाणाऱ्या एका ट्रकचा क्लीनर अंगावर देवी घेऊन हाळवाडीच्या फाट्यावर दोन दिवस पडला होता. हाळवाडीच्या धुरपदाबाईनं त्याला पाणी पाजलं, भाकरी दिली. त्याला दवाखान्यात हलवून दोन दिवस झाले होते.

सोलापुरातून बर्फात गुंडाळलेल्या नळ्या आल्या. महालिंगप्पांनी भिंतीसमोर उभं राहून वाटणी केली. बोट पट्टीवरून फिरलं. भिंतीवरच्या बाकीच्या, आखूड ओळींच्या गावांना नळ्या गेल्या. हाळवाडीवर बोट थांबलं. "इथं पंधरा आहेत अठरात. बरं चाललंय. इथं नंतर बघू."

हाळवाडीत बशीरची बहीण कुलसुमबी दिलेली होती. तिची आठ महिन्यांची पोर. टोचायच्या दिवशी पोरीला ताप होता, म्हणून बशीरनंच तिला सोडलं होतं. 'पुढच्या खेपेला' असं म्हणाला होता. पुढची खेप भिंतीवरच संपली होती.

शिवलिंगनं त्याचा चेहरा पाहिला. कोठीत जाऊन आला, आणि एक नळी त्याच्या मुठीत दिली. "तुझ्या भाचीपुरती. नोंद न्हाय. विषय संपला."

बशीर चालत गेला. सायकल अजून हुकमात होती.

कुलसुमबीनं पोर मांडीवर घेतली, हात उघडा केला. बशीरनं लस काढली, लॅन्सेटचं पातं पुसलं, टोचलं. पोर रडली. रडणं ऐकून शेजारच्या बायका आपापली पोरं घेऊन ओट्याशी आल्या. कुणी मागितलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांत धुरपदाबाई मागं होती.

"भाई," कुलसुमबी म्हणाली, "हे बाकीचे?"

"नळी संपत आली."

"मग दुसरी आण की."

"मिळत न्हाय."

"का?"

बशीरनं तोंड उघडलं. 'कागदावर तुमी टोचलेले हाव,' हे वाक्य त्यानं मनात दोनदा बनवलं. ओट्यावर उभ्या माणसाला ते सांगायचं कसं, हे त्याला जमेना. नळीत उरलं होतं ते त्यानं सात पोरांना पुरवलं. सवयीनं मातीत रेघा ओढल्या. चार, आडवी. मग तीन. भाची धरून आठ, म्हणून आणखी एक ओढली. आडवी मारायला बोट नेलं, आणि थांबवलं. दुसरी जुडी तशीच उघडी ठेवली. मोठ्या माणसांना काही उरलं नाही. धुरपदाबाई निमूट घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो महालिंगप्पांच्या टेबलासमोर उभा राहिला. "साहेब, हाळवाडी एकशे एक्कावन्न न्हाय. एकशे एकवीसच टोचले होते. काल आठ वाढले. उरलेले एक्कावन्न हाईत."

सगळं सांगून व्हायला एक विडी संपेल एवढाही वेळ लागला नाही. महालिंगप्पा शिवलिंगकडं वळले. शिवलिंग मशीनवरची धूळ पुसत होता.

"तुला म्हायत होतं?"

"साहेब, म्या शाळेच्या पद्धतीनं मोजलं. खुणाच चुकीच्या होत्या." हे खोटं नव्हतं.  कालची नळी कुणी दिली हे शिवलिंगनं सांगितलं नाही, बशीरनंही नाही.

"हे तुला कधीपास्नं ठाऊक?" महालिंगप्पांनी बशीरला विचारलं.

"कागद चढला त्या दिवसापास्नं."

"मग बारा दिवस काय करत होतास?"

"हुकमाची वाट बघत होतो, साहेब."

महालिंगप्पांनी भिंतीवरचा कागद स्वतः काढला. शिवलिंगनं नवा टंकला. बिबेवाडी वीस एक्स, कोरटगाव बावीस, हाळवाडी कालचे आठ धरून तेरा. मशीनचा आवाज सगळ्या कचेरीनं ऐकला. हाळवाडीची पट्टी आखूड झाली तशी कोठी उघडली. गजराबाई नळ्या घेऊन दुपारीच निघाली, आणि जाताना बशीरला म्हणाली, "चल, रेघा मीच मारते. तू हात धर." दोन दिवसांत हाळवाडी आणि कोरटगाव मिळून नव्वद माणसं टोचून झाली. हवी होती अठ्ठेचाळीस.

पण पहिल्या दिवशी झालं असतं ते तेराव्या दिवशी झालं. धुरपदाबाईला टोचलं तेव्हा तिच्या अंगात देवी आधीच शिरलेली होती. जगली. उजवा डोळा गेला. कुलसुमबीच्या पोरीला काही झालं नाही, हातावर फक्त रुपयाएवढा वण उमटला.

चौकशीत जिल्ह्यानं एवढंच विचारलं, की खुणा कुणाच्या. खुणा बशीरच्या होत्या. हुकूम रद्द झाला, आणि हंगामी नोकरीही दिवाळीनंतर काढून घेतली. महालिंगप्पांना ताकीद आली, ती फायलीत गेली. शिवलिंगच्या नव्या पट्ट्यांची तारीफ झाली. त्यांत त्यानं खाली एक ओळ जोडली होती: जुडी म्हणजे पाच, आडवी रेघ धरून.

एका दुपारी कचेरी रिकामी असताना शिवलिंगनं मशीनवर कोरा कागद चढवला. दंडक तोच ठेवला, पट्टीही तीच. फक्त एक्स माणसांचा नव्हे, महिन्याचा. ज्यानं या चुकीपायी जितके महिने भोगले तितके. बशीर बिनकामाचा आठ महिने राहिला होता, तेवढे दाबले. साहेबांची ओळ आणि स्वतःची ओळ आली तेव्हा त्यानं बोट एक्सच्या कळीवर ठेवून पाहिलं, आणि उचललं. धुरपदाबाईची ओळ शेवटी घेतली. दाबत गेला, दाबत गेला. कड आली तशी मशीनची घंटी वाजली, आणि गाडी पुढं सरकेना.

महालिंगप्पा
शिवलिंग
बशीर xxxxxxxx
धुरपदाबाई xxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxxx