सगळ्यात जास्त खपणारी उशी

तीन महिन्यांत इलाने सातशे चाळीस पार्सलं पाठवली होती, तरी खात्यात काही उरत नव्हतं. बोरगाव मेघेतल्या घरातून ती कापडी पिशव्या आणि कापसाच्या उशा ऑनलाइन विकायची. नवरा देवेंद्र कॉलेजात क्लार्क. तो एकच म्हणायचा, "ऑर्डरी तर येऊन राह्यल्या ना? मंग पैसा जाते कुठं?"

रविवारी सकाळी तिने पेमेंटची यादी उघडली. या खेपेला एकूण बेरीज न बघता पिशव्या वेगळ्या काढल्या, उशा वेगळ्या. पिशवीमागे सत्तर रुपये सुटत होते. उशीच्या ओळीत मात्र वजन लिहिलं होतं सात किलो दोनशे ग्रॅम.

"दीड किलोची उशी सात किलोची कशी झाली?" ती ओरडलीच.

जिच्या ॲपवरून ती विकायची, त्या कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटांनी पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, खोका गाडीत जागा किती अडवतो, त्यावर वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि पाच हजारांनी भागा."

साठ, चाळीस, पंधरा. उत्तर बरोब्बर सात पूर्णांक दोन आलं. भांडायलाही जागा उरली नाही.

पाचशे नव्याण्णवची उशी. कमिशन आणि इतर फी एकशेवीस, कुरिअर दोनशे अठ्ठेचाळीस, कापूस-शिलाई-खोका दोनशे पाच. उरले सव्वीस. आणि दहातल्या दोन उशा परत यायच्या, तेव्हा जाण्याचं आणि येण्याचं भाडं तिच्याच माथी, उशीमागे चारशे शहाण्णव.

"म्हणजे दहा उशा विकल्या का आपल्याच खिशातून पावणेआठशे जातात," ती म्हणाली.

"भाव वाढव मंग," देवेंद्र म्हणाला.

तिने सातशे नव्याण्णव केला. आठवडाभर एकही ऑर्डर नाही. मग जुन्या भावात उशा दाबून लहान खोक्यात बसवल्या, तर कापसाचे गोळे झाल्याच्या तक्रारी येऊन पाचातल्या तीन परत आल्या. एकीवर चहाचा डाग होता.

शनिवारी शिलाई करणाऱ्या कुसुमबाई नव्या आठ उशा घेऊन आल्या.

"मावशी, आता उशा नका शिवू. बंद करून राह्यली मी."

"काऊन वं? सगळ्यात जास्त उशीच खपते म्हणत होती ना तू?"

"खपते, पण जितकी खपते तितका तोटा होते."

कुसुमबाईंना ते पटेना. "मी काय वाईट शिवते का?"

"नाई मावशी. तुमच्या हातात काहीच चूक नाई. उशीच मोठी आहे."

तीन महिने इला ऑर्डरींचा आकडा मिरवत होती. हा हिशेब तिने पहिल्याच महिन्यात करायला हवा होता.

"पिशव्या शिवाल का?"

"किती?"

"आठवड्याला पंधरा-वीस."

"उशा चाळीस होत्या."

इलाने आठ उशांचे पैसे दिले. कुसुमबाईंनी ते मोजून कनवटीला लावले. "पंधरा तर पंधरा. सोमवारी कापड देजो," म्हणून त्या जिना उतरल्या.

इलाने फोन घेतला आणि उशीची विक्री बंद केली. पण त्याआधीच, त्याच दुपारी, उशीच्या आणखी दोन ऑर्डरी आल्या होत्या. त्या पाठवाव्याच लागणार होत्या.