वेल्कोचं हसू

बल्गेरियात माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी पुन्हा त्याचं शोकपत्रक दारोदार चिकटवतात. ग्रोझदाना आजीला त्यावर नवऱ्याचा हसरा फोटो हवा होता. पहिल्या पत्रकावर लायसन्सवरचा फोटो होता. वेल्को असा डोळे वटारून बघत होता की पोस्टमनने त्यांच्या दारासमोर थांबणंच सोडलं.

"गावाला वाटतं, मी सेहेचाळीस वर्षं राक्षसाशी संसार केला," आजी म्हणाली. "हसव त्याला, पोरी."

इवेलिनाच्या फोटो स्टुडिओत फोटोवर हसू आणायचं, तर ते त्याच माणसाच्या दुसऱ्या चित्रातून उचलावं लागे. आजीकडे एकच होतं: शेजारचा मिन्चो द्राक्षांच्या पिंपात उलटा पडला, तेव्हाच्या व्हिडिओतलं. वेल्को त्यात बत्तीशी दाखवून खदाखदा हसत होता.

इवेलिनाने ते तोंड उचलून लायसन्सच्या चेहऱ्यावर बसवलं. वर वटारलेले डोळे, खाली उघडा जबडा.

"अगं बाई! हा तर चावायला आलाय!"

इवेलिनाने दात झाकले, ओठांचे कोपरे खाली ओढले. आता तो गालात जर्दाळू लपवल्यासारखा दिसत होता. चूक तिला कळत होती. हसतं ते नुसतं तोंड नाही. गाल वर चढतात, डोळ्यांखालची कातडी फुगते. तिने गाल आणि डोळेही उचलून आणले. चेहरा जुळला खरा, पण पत्रकावर 'दुःखद आठवण' लिहिलेलं आणि खाली वेल्को कुणाच्या तरी फजितीवर खूश!

"मिन्चोच्या फाटकावर हे लावलं तर तो माझ्या कोंबड्या विष घालून मारेल," आजी कपाळावर हात मारत म्हणाली.

"मोठं हसू लहान करून भागत नाही, आजी. मुळातच लहान असलेलं शोधायला हवं."

इवेलिना व्हिडिओ मागे मागे सरकवत गेली. मिन्चो पडण्याआधीचे काही क्षण. वेल्को पिंपाला टेकून उभा होता, ओठ मिटलेले, पण गाल किंचित वर, डोळे मऊ. मान लायसन्सच्या फोटोसारखीच सरळ होती. फक्त ऊन डावीकडून पडलं होतं, ती सावली तिने हलकी केली आणि गाल, पापण्या, ओठ एकत्रच बसवले. वेल्को आता शांत आणि भला दिसत होता.

"इथे तर काहीच घडलेलं नाही," इवेलिना म्हणाली. "मग तो बघतोय कुणाकडे? व्हिडिओ कोण काढत होतं?"

आजी स्क्रीनजवळ सरकली.

"मीच," ती म्हणाली. मग स्क्रीनवर बोट रोखत भडकलीच, "मेल्या, घरात काय हसण्याला कुलूप लावत होतास?" आणि ढसाढसा रडली.

आजीचे डोळे पुसून झाल्यावर इवेलिनाने विचारलं, "किती प्रती काढू? तीस?"

"दारांवर तो जुना वटारलेलाच लाव. गावातल्या टवाळ बायकांना कशाला दाखवायचं हे?" आजीने पर्स उघडून जागा केली. "याची एकच काढ."