मऊ म्हणजे किती मऊ

माझा दादा चपला-बूट करतो, पण साधे नाही. ज्यांच्या पायांना साखरेच्या आजाराने संवेदना उरलेली नाही, त्यांचे. अशा माणसाला खडा टोचला तरी कळत नाही, जखम वाढते आणि मग फार उशीर होतो. म्हणून बुटाच्या आत एक जाड, मऊ फोमचा तळ लागतो, पायाच्या आकाराला गरम करून बसवलेला. दादाची सगळी करामत त्या तळात. खरेदी, फोन, हिशेब आणि दादाला ताळ्यावर ठेवणं ही कामं माझ्याकडे. शेवटचं सगळ्यात जास्त वेळ खातं.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमची आत्या. दोन वर्षांपूर्वी तिच्या टाचेला जखम झाली, डॉक्टरांनी पाय वाचेल की नाही याची शाश्वती दिली नव्हती. दादाच्या तळावर ती जखम भरली. आता त्या तळाचा फोम बनवणारा कारखानाच बंद पडला होता. आमच्याकडे एका जोडीलाही न पुरणारा तुकडा उरलेला, आणि आत्याचे तळ झिजत आलेले.

नवा कारखाना शोधला मी. मेलचा मजकूर मात्र दादाने सांगितला.

"लिही. मऊ फोम हवा आहे. नमुना पाठवा. संपलं."

"कशासाठी हवा आहे ते लिहू ना? आणि माहितीपत्रक मागू, त्यात घनता, कडकपणा सगळं असतं."

"कशासाठी ते अजिबात नाही. उद्या तेच असे बूट बनवतील आणि आपण बसू माश्या मारत."

दादाचा हा जुना संशय. शेजारच्या दुकानदाराने कसला चिकट पदार्थ वापरतोस असं विचारलं, तरी तो हवापाण्याचं बोलायला लागतो. ताकास तूर लागू देत नाही. मी त्याच्या म्हणण्याप्रमाणे लिहिलं, फक्त माहितीपत्रक मात्र मागितलंच.

नमुना आला. तळहाताएवढा गुलाबी चौकोन. ना त्यावर फोमच्या प्रतीचा क्रमांक, ना सोबत कागद. दादाने अंगठ्याने दाबला आणि त्याचा चेहरा उजळला.

"हाच! ऑर्डर टाक."

"दादा, पहिलीच ऑर्डर आहे. फोमचा अख्खा ठोकळा घ्यावा लागतो आणि तो परत घेत नाहीत. माहितीपत्रक येऊ दे."

"माझा अंगठा वीस वर्षं हेच करतोय."

त्याने तो तुकडा आत्याच्या पायाखाली ठेवला. आत्या खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "अगदी छान. लोण्यासारखा."

मला हसू आलं नाही, राग आला. आत्याला पायाखाली वीट ठेवली असती तरी ती छानच म्हणाली असती. तिला तिथे काही जाणवतच नाही, आणि तिला लाडक्या भाच्याला नाराज करायचं नसतं. ज्या पायाच्या मताला अर्थ नाही, त्याचं मत घेऊन आम्ही माल मागवणार होतो! मी तो तुकडा उचलला आणि दादाच्या चामडं ठोकायच्या लोखंडी ठोकळ्याखाली दाबून ठेवला.

"उद्यापर्यंत हात लावायचा नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ठोकळा उचलला, तर खाली भाकरीसारखा चपटा गुलाबी पापुद्रा. दुपारपर्यंत वाट पाहिली, तो काही परत फुगला नाही. मी जरा गप्प राहिले असते तर हे आत्याच्या पायाखाली गेलं असतं.

मी दादाच्या समोरच कारखान्याला फोन लावला. तिथल्या तांत्रिक विभागाच्या बाई शांत होत्या.

"तो तुकडा पॅकिंगचा आहे. काचेच्या सामानाभोवती घालतात. तुम्ही नुसतं 'मऊ' म्हणालात, कशासाठी ते लिहिलंच नाही. माहितीपत्रक कोणत्या प्रतीचं पाठवायचं हेही आम्हाला कळेना, म्हणून थांबलो. वापर काय आहे?"

मी दादाकडे पाहिलं. त्याने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. मी त्याच्याकडे पाठ केली आणि सगळं सांगून टाकलं: बूट, बधिर पाय, आत्या, टाच, बंद पडलेला कारखाना.

मग बाईंनी प्रश्नांची सरबत्ती लावली. माणसाचं वजन साधारण किती? तळ किती जाड? कापडाचं अस्तर असतं की फोम थेट कातडीला लागतो? साचा बसवताना किती तापमान देता? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी दिली, तापमानापाशी माझं घोडं अडलं. मी फोन दादाच्या हातात कोंबला.

आणि मग काय सांगू! ताकास तूर लागू न देणारा माझा भाऊ असा सुटला की थांबेना. भट्टी, साचा, टाचेचा खळगा, अंगठ्याखालचा उंचवटा, सगळं. बाई विचारत होत्या आणि हा हातवारे करत होता, जणू त्या समोर बसल्यात. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"त्यांना बूट बनवायचे नाहीत म्हणे," तो म्हणाला. "त्यांना फोमच पुरे आहे."

बाईंनी जुन्या फोमचा उरलेला कोपरा मागवून घेतला आणि त्याचा कडकपणा स्वतः मोजला. मग त्याच्या जवळच्या दोन प्रतींचे नमुने पाठवले, दोन्ही चालू उत्पादनातले, प्रत्येकावर प्रत आणि लॉटचा क्रमांक. सोबत माहितीपत्रकं: घनता, कडकपणा, दाबल्यावर कायमचा किती दबतो त्याची टक्केवारी, साच्याचं तापमान. कातडीला त्रास होत नाही याचा चाचणी अहवाल वेगळा होता. मी ते कागद दादाला मोठ्याने वाचून दाखवले, तो माझ्या चष्म्याची थट्टा करत ऐकत राहिला.

साच्याचं तापमान आमच्या नेहमीच्या भट्टीपेक्षा बरंच कमी निघालं. सवयीने तापवला असता तर सगळा फोम आक्रसून गेला असता. दादाने भट्टीचं तापमान उतरवलं. एक प्रत साच्यात हट्टी निघाली, काठ उभे राहिले. दुसरी नीट बसली. लोखंडी ठोकळ्याखालूनही ती दुसऱ्या दिवशी जवळजवळ होती तितकी जाड निघाली. दादाने तिचे तळ आत्याच्या बुटात घातले.

खरी परीक्षा पुढेच होती. पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालायचं, मग पाय तपासायचा. लाल डाग दिसला आणि लवकर गेला नाही, तर तिथे दाब पडतोय. आत्या घरातल्या घरात फिरली, शेजारणीशी गप्पा मारल्या, मग खिडकीजवळ बसली. मी जमिनीवर बसून तिचा मोजा काढला. दादा माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

बोटांमध्ये पाहिलं. बोटांच्या मुळाशी पाहिलं. कडेने पाहिलं. शेवटी टाच उचलली, जुन्या जखमेचा पांढरा वण जिथे आहे ती. कुठेच लाली नव्हती. दुसरा पाय पाहिला, तोही तसाच. दादा मागे सरकून स्टुलावर मटकन बसला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"काय दिसतंय गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही, आत्या. काहीच नाही."

"मग सोड की पाय! पळवून नेणार आहेस का?"

मी हसले, पण टाच सोडली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा ती हातात धरताना मला भीती वाटत नव्हती.