मनवाच्या कागदातला ‘का’

माझ्यात एक खोड आहे. मला दया पटकन येते आणि राग त्याहून पटकन येतो. मनवाच्या बाबतीत आधी दया आली आणि सगळा घोळ तिथेच झाला.

मनवा सातवी ‘ब’मधली. राहते लालबागच्या चाळीत. बोलायला लागली की ऐकत राहावं अशी पोरगी, पण छापील कागद समोर आला की तिचं तोंड बंद. अक्षरं ओळखायलाच इतकी दमते की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. गेल्या वर्षी तपासणी होऊन डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र मिळालं. परळच्या आमच्या शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते, त्यामुळे मला वाटलं, यात काय मोठं, आपण सांभाळून घेऊ.

बाष्पीभवनाचा धडा झाला. वर्गाला नेहमीचं वर्कशीट दिलं आणि मनवासाठी वेगळं केलं: चार चित्रं, जोड्या लावा, रंग भरा. तिने पाच मिनिटांत संपवलं. मी लाल पेनाने दहापैकी दहा दिले, खाली चांदणीही काढली. मधल्या सुट्टीत ती कागद घेऊन परत आली.

“बाई, माझ्या कागदात ‘का’ कुठे आहे?”

“म्हणजे?”

“सौमित्रच्या कागदात विचारलंय, वाऱ्यावर कपडे लवकर का वाळतात. माझ्यात नुसतं वाऱ्याचं चित्र आहे.”

“तुला जमेल तेवढंच दिलंय ना गं. झालं की दहापैकी दहा.” माझा आवाज चढला होता, हे मला बोलून झाल्यावर कळलं. ती कागदाची घडी घालून निघून गेली.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. मनवाला विज्ञानात वर्षभर वेगळा, हलका पेपर द्यायचा का, याची नोंद शनिवारपर्यंत मी करायची होती. मनवाची आईही येऊन बसली होती. “तिका सोपाच काय ता देवा, बाई. पास झाली म्हंजे झाला,” ती म्हणाली. मनवा दाराशी उभी होती. तिने मान वर केली नाही. एकदा तो हलका पेपर सुरू झाला की पुन्हा कोणी तिला ‘का’ विचारणार नाही, हे आम्हा तिघींपेक्षा तिलाच जास्त कळलं होतं.

मंगळवारी आयव्ही टीचर आल्या. त्या विशेष शिक्षिका, गिरगावातून आठवड्यातून दोनदा येतात. त्यांची साठी उलटलीय आणि मला त्या अजून नवशिक्यासारखं वागवतात. मी कौतुकाने माझं चित्रांचं वर्कशीट पुढे केलं.

“हे काय, बालवाडीचं?” त्या म्हणाल्या.

“टीचर, तिला वाचता येत नाही हो.”

“वाचायला त्रास आहे तिला. तू वाचनाचा त्रास तसाच ठेवून विज्ञान काढून टाकलंस, बाय. आता मला सांग, या धड्यातून पोराला काय आलं पाहिजे? एका वाक्यात लिही.”

मला राग आला, पण लिहिलं: बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो हे, एका वेळी एकच गोष्ट बदलून, प्रयोगाने तपासता आलं पाहिजे आणि कारण सांगता आलं पाहिजे.

त्यांनी वाचलं. “यात कुठे लिहिलंय का, भराभर वाचता आलं पाहिजे? शुद्ध लिहिता आलं पाहिजे?”

“नाही.”

“मग हे वाक्य सगळ्यांना सारखं. याला हात लावायचा नाही. बाकी काय ते बदल.”

याच धड्याची चाचणी शुक्रवारी होती. तिचा माझा नेहमीचा पेपर बदलायला घेतला तेव्हा मी तो बावीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. कागद वाचवायला बारीक अक्षरं, दोन्ही बाजू ठासून भरलेल्या, एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न. मलाच चष्मा पुसावा लागला. आम्ही अक्षरं मोठी केली, ओळींत मोकळी जागा सोडली, लांब वाक्यांची दोन-दोन केली, एका चौकटीत एकच प्रश्न ठेवला. ‘बाष्पीभवन’, ‘पृष्ठभाग’, ‘आर्द्रता’ हे तीन शब्द तुकडे पाडून, चित्रासकट आधीच मनवाला शिकवायचे ठरले, म्हणजे चाचणीत ते अंगावर येणार नाहीत. प्रश्न मी माझ्या आवाजात रेकॉर्ड केले, ती हवे तितक्या वेळा ऐकू शकेल. उत्तर बोलून दे, आकृती काढून दे, नाहीतर लिहून दे. वेळ जास्त. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. पण प्रश्न तेच आणि गुणही त्याच मोजमापाने. मोठ्या अक्षरांचा कागद सगळ्या वर्गालाच द्यायचा, असं टीचर म्हणाल्या. कोणालाच त्याने तोटा नव्हता.

उत्साहाच्या भरात मी उत्तराची सुरुवातही लिहून दिली: ‘पृष्ठभाग जास्त असल्यामुळे कापड...’

टीचरनी त्यावर काट मारली. “कारण तूच सांगून टाकलंस. तिने काय, फक्त ‘लवकर वाळतं’ म्हणायचं?” त्यांनी त्या जागी लिहिलं: ‘मला वाटतं..., कारण...’

शुक्रवारी चाचणी झाली. मनवा शेजारच्या प्रयोगशाळेत टॅबलेट घेऊन बसली. आयव्ही टीचर तिच्यापाशी होत्या, पण चकार शब्द काढायचा नाही या अटीवर. दुपारी मी स्टाफरूममध्ये कानाला इअरफोन लावून तिची उत्तरं ऐकायला बसले. हाताशी माझी उत्तरसूची होती, कित्येक वर्षं वापरात असलेली.

पाचवा प्रश्न असा होता: चंपाने एक ओला रुमाल पसरून गॅलरीत वाळत घातला. तसाच दुसरा घडी करून घरात टेबलावर ठेवला. पसरलेला आधी वाळला. यावरून काय सिद्ध होतं? का? माझं उत्तर ठरलेलं होतं, पृष्ठभाग जास्त असला की बाष्पीभवन लवकर होतं. वर्गातल्या अडतीस मुलांनी तेच लिहिलं होतं.

मी मनवाचं पाचवं उत्तर लावलं. तिचा आवाज आला.

“मला वाटतं काहीच सिद्ध नाही होत. कारण तिने दोन गोष्टी बदलल्या ना. एक रुमाल पसरला, पण तो बाहेर पण ठेवला. आमच्या गॅलरीत जाम वारा असतो. मग वाऱ्याने वाळला की पसरल्यामुळे, कसं कळणार? दोन्ही गॅलरीतच ठेवायला पाहिजे होते. एक पसरून, एक घडी करून. मग सांगता आलं असतं.”

मी ते तीनदा ऐकलं. वर्षानुवर्षं मी चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण देत आले होते. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. मी तिथेच रडले. डोळे पुसून मुख्याध्यापिकांसाठीची नोंद लिहिली: मनवाला वेगळा पेपर नको. हाच पेपर, या सोयींसह. शिवाय पाचवा प्रश्न मी वर्गात पुन्हा शिकवणार आहे.

शनिवारी पेपर वाटले. मनवाला दहापैकी नऊ. शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. कपाळाला आठ्या होत्या.

“बाई, एक मार्क का कापला?”

“सहाव्या प्रश्नात प्रयोग सांगितलास, त्यात पाणी दोन्हीकडे सारखं घ्यायचं हे सांगायचं राहिलं.”

“पण रुमाल सारखे घ्यायचे म्हटलं होतं मी.”

“रुमाल म्हणालीस. पाणी नाही म्हणालीस.”

“ते कळतंच ना बाई त्यात.”

“मला नाही कळलं. सौमित्रचाही तिथेच कापलाय.”

ती पंधरा मिनिटं भांडली. रेकॉर्डिंग पुन्हा लावायला लावलं, गॅलरीतल्या बादल्यांची उदाहरणं दिली. मी तो गुण दिला नाही. शेवटी पाय आपटत, मागे न बघता ती निघून गेली. इतकी गोड भांडणारी पोरगी मी आजवर पाहिली नव्हती.