तीन पुष्पांचं प्रास्ताविक

अमडापूरच्या वाचनालयाची व्याख्यानमाला म्हणजे तीन दिवस, तीन पुष्पं, अन् प्रत्येक पुष्प कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ. ग्रंथपाल मलिहा मॅडमचं खरं दुखणं हे शेवटचंच होतं. विषय त्यांनी सहा महिने डोकं लावून ठरवला होता, कापूस. पहिल्या दिवशी वेचणी, दुसऱ्या दिवशी जिनिंग, म्हणजे यंत्रावर सरकी अन् रुई वेगळी करणं, तिसऱ्या दिवशी बाजारभाव. वावरातून निघालेला कापूस जसा जातो, तशीच व्याख्यानं. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण अध्यक्ष शंकररावांच्या आईची, सरस्वतीबाईंची, पुण्यतिथी पडली पहिल्या दिवशी. "आमच्या मायच्या नावाच्या दिवशी गर्दी पायजे मॅडम. भाववाला वक्ता पहिल्या दिशी घ्या. वेचणी कोण ऐकते?"

"अहो, भाव कशानं कटते ते आधी समजलं पायजे ना. ही माळ हाय, सुटी फुलं नाही."

"फुलं कशीबी ओवा. अन् हे पाहा, तिसऱ्या दिशी पन्नास माणूस दिसलं नाही, त पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा."

झालं! दरवर्षीचंच रडगाणं. पहिल्या दिवशी सत्कार अन् चहासाठी दोनशे लोक, तिसऱ्या दिवशी वक्ता, माइकवाला अन् मलिहा मॅडम. अकरा वर्षं त्यांनी ही मालिका ओढत आणली होती, अन् आता ती बंद पडणार म्हटल्यावर त्यांना रात्रीचं जेवण गेलं नाही. मग चिडूनच त्यांनी प्रास्ताविक फाडलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. उलटं करता ना? करा. मग माळही उलटीच ओवते.

पहिल्या दिवशी शंकररावांनी आईच्या आठवणी सांगितल्या, चाळीस मिनिटं. मग हार, शाली, आणखी शाली. प्रास्ताविकाच्या वाट्याला आली दोन मिनिटं. मलिहा मॅडमनी चार पानांची घडी घालून पर्समध्ये कोंबली आणि माइक धरला.

"तीन दिवस आपण एकच प्रश्न घेऊन बसणार आहोत. आपल्या कापसाले भाव काऊन कमी? आजचे साहेब सांगतील, बाजारात भाव कुठं कटते. उद्याचे जिनिंगवाले सांगतील, तो काऊन कटते. अन् कटू नये म्हणून वावरात काय करायचं, ते परवा. एकच दिवस आले त नुसता राग घेऊन घरी जाल."

लोक हसले. वक्त्यांनी ओलाव्याचं गणित मांडलं: कापसातला ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला, की भावात कपात सुरू.

दुसऱ्या दिवशी शंकरराव आले नाहीत. त्यांचं पुष्प झालं होतं ना! मलिहा मॅडमनी कालचा धागा पकडला: "काल आपण ओलाव्यापाशी थांबलो होतो." जिनिंगवाल्यांनी तिथूनच उचललं. ओला कापूस यंत्रात अडकतो, सरकी फुटते, रुईला डाग पडतात.

तिसऱ्या दिवशी मलिहा मॅडम दारातच उभं राहून माणसं मोजत होत्या. एकोणपन्नास. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात कोकिळाताई आल्या, शेतमजुरी करणाऱ्या, तिन्ही दिवस न चुकता येणाऱ्या. पन्नास! समारोपासाठी शंकररावही आले आणि थेट मंचावर बसले.

वेचणीवाले वक्ते म्हणाले, "दव वाळल्याशिवाय कापसाला हात लावू नका."

प्रश्नोत्तरं सुरू झाली तशा कोकिळाताई उभ्या राहिल्या. "साहेब, पहिल्या दिशी आयकलं, ओल्या कापसाचा भाव कटते. काल आयकलं, त्याची रुई डागी होते. आज तुम्ही म्हन्ता, दवात वेचू नका. मंग आमाले सकाळी सहाले वावरात काऊन बलावतेत? बोटं सुन्न होतेत आमची, अन् कापूसबी ओला जाते."

"कोणाच्या वावरात बोलावतात?" वक्त्यांनी साधाच प्रश्न विचारला.

कोकिळाताईंनी मंचाकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आपला कापूस दरसाल कमी भावानं का जातो म्हणून व्यापाऱ्यांना शिव्या घालणारे शंकरराव उपरण्यानं मान पुसत राहिले. मग ते मंचावर शेजारी बसलेल्या मलिहा मॅडमकडं वाकून हळूच म्हणाले, "काल काय झालतं, मॅडम? डागाचं काय म्हने?"

मलिहा मॅडमना अकरा वर्षांचा राग एकदम आठवला. त्यांनी माइक त्यांच्यापुढं सरकवला.

"पुढच्या वर्षीबी व्याख्यानमाला होईन, हे आधी इथं सांगा. डागाचं मंग कोकिळाताईले विचारा. त्या तिन्ही दिवस आल्या होत्या."

शंकररावांनी घसा खाकरला आणि माइक हातात घेतला.