बाचा ओटीपी

"माझ्या खात्यातून तोट्यात काही विकायचं नाही. एकदा सांगितलं ना."

बानं, म्हणजे विरलच्या आईनं, असं म्हणून फोन साडीच्या पदराखाली सरकवला आणि गाठियाचा तुकडा मोडला. सोबत तळलेली मिरची. सकाळचे सव्वाआठ.

"बा, खातं तुझ्या नावावर आहे. पैसे माझे आहेत."

"मग तुझ्या नावावरच्या खात्यात ठेवायचे होतेस."

राजकोटमध्ये घरटी जितकी माणसं तितकी डीमॅट खाती, आयपीओ भरायला. विरलनं बाचं, वडिलांचं, बायकोचं म्हणजे भाविनीचं, सगळ्यांचं काढलं होतं. आयपीओत शेअर लागले ते बाच्या नावावर, त्याचे पैसे तिथंच पडून राहिले, आणि यानं आळसात तिथूनच ट्रेडिंग सुरू केलं. हुशार माणूस. पंपांच्या कारखान्यात डिस्पॅचची बिलं करतो, दुसऱ्याच्या कागदातली एक चूक सुटत नाही त्याच्या नजरेतून.

प्लॅन मात्र त्यानं झकास केला होता. फ्रिजवर चिकटवलाय. नोकरी करणाऱ्या माणसानं दिवसा बाजार बघायचा नाही. संध्याकाळी सातला, बाजार बंद झाल्यावर, दिवसाचा चार्ट बघायचा. तीन-चार आठवडे भावाच्या एका पट्ट्यात अडकलेला शेअर पट्टा फोडून वर बंद झाला असेल तरच दुसऱ्या दिवशीसाठी ऑर्डर लावायची. एका सौद्यात एकूण दीड लाखाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त बुडवायचं नाही. आताचा टाइल्सवाला शेअर चारशे चाळीसला घेतला, चारशे पंधराला बाहेर, म्हणजे शेअरमागे पंचवीस रुपये जोखीम, म्हणून साठच शेअर. त्याहून एक जास्त नाही. आणि घेतल्याबरोबर खालच्या भावाला विक्रीचा ट्रिगर लावून ठेवायचा, भाव तिथं आला की विक्री आपोआप निघते, म्हणजे ऑफिसात बसून जीव खालीवर नको.

खाली भाविनीच्या हातचं एक वाक्य होतं, लाल पेननं: दिवाळीपर्यंत तीन चुका झाल्या तर सगळे पैसे एफडीत. दोन गोल आधीच काढलेले होते. पहिला, जेवणाच्या सुट्टीत फोन उघडून घाबरून विकलं तेव्हाचा. दुसरा, ऑफिसातल्या मनसुखभाईंनी कानात काहीतरी सांगितलं आणि यानं चार्ट न बघता घेतलं तेव्हाचा.

"काल मी फोन उघडला का?" विरल भाविनीकडे वळला. "मनसुखभाई दिवसभर डोकं खात होते. 'चारशे वीस झाला.' 'अठरा झाला.' 'अरे, तुझी टाइल्सवाली कंपनी झोपली.' मी बघितलं का? नाही बघितलं."

"नाही बघितलं," भाविनी म्हणाली. ती डबा भरत होती. "पण विकला गेला का?"

नाही गेला, आणि हेच तर रात्रभर त्याच्या डोक्यात फिरत होतं. भाव चारशे पंधराच्या खाली गेला, ट्रिगर लागला, विक्रीची ऑर्डर बाजारात निघाली आणि तिथल्या तिथं नाकारली गेली. कारण? खात्यातले शेअर विकायची मंजुरी नव्हती. ती मंजुरी दोन प्रकारे मिळते. एक, खातेदारानं एकदा सही करून कायमची द्यायची. दोन, विकायच्या दिवशी पिन टाकायचा, मग खातेदाराच्या फोनवर ओटीपी येतो. बानं सही दिली नव्हती. बाच्या भावानं कधीतरी कुठल्यातरी दलालाला सही देऊन हात पोळून घेतले होते, तेव्हापासून घरात सही हा शब्द काढायचा नाही. ट्रिगर लावला म्हणजे झालं, असं विरल समजून बसला होता. शेअर बंद झाला चारशे आठला.

"मागच्या वेळी ओटीपी दिलास की," तो बाला म्हणाला. "ऑफिसातून फोन केला तर सहा आकडे गाणं म्हटल्यासारखे वाचून दाखवलेस."

"त्या वेळी फायदा होता."

"फायद्याला वेगळा ओटीपी असतो का?"

"फायदा असला की द्यायला मन होतं. तोट्यात कोण विकतं? तुझ्या बापानं सोन्याचं एक वळं कधी पडत्या भावात विकलं नाही."

"हे सोनं नाही, बा. टाइल्सची कंपनी आहे. उद्या तीनशेला गेली तर?"

"आणि पाचशेला गेली तर? तेव्हा माझ्याकडेच येशील, पेढे घेऊन."

भाविनी हसली. तिच्या त्या हसण्यानं विरलचं डोकं आणखी सटकलं.

"हसू नकोस तू. तुला तर बरंच आहे. तिसरा गोल काढायचाय ना?"

"काढायला नको का? तुम्हीच सांगा. प्लॅनमध्ये मंजुरीचा एक शब्द नाही. साठ शेअर, पंचवीस रुपये, सगळं पाठ. आणि विकायचं कसं, ते लिहायचं राहिलं."

विरलनं पाण्याचा ग्लास आपटून ठेवला. खरं होतं, म्हणून जास्त लागलं. ठरवलेला तोटा दीड हजाराचा, आत्ताच एकोणीसशेच्या वर गेलेला. नियम सरळ होता: भाव ठरवल्याच्या खाली बंद झाला आणि शेअर हातात राहिले, तर सकाळी बाजार उघडताच विकून मोकळं व्हायचं. आत्ता मंजुरी मिळाली, ऑर्डर टाकून ठेवली, की सव्वानऊला विकले जातील आणि तो कारखान्यात बिलं करत बसेल. दोन मिनिटांचं काम. एका म्हातारीच्या पदराखाली अडकलेलं.

"बरं, गोल काढ," तो भाविनीला म्हणाला. "तीन झाले. पैसे एफडीत. झालं समाधान? पण एफडीत टाकायला हे साठ शेअर आधी विकायला लागतील, आणि विकायला बाचा ओटीपी लागेल. आता बोल."

भाविनीनं डबा ठेवून लाल पेन उचललं होतं, ते हातातच थांबलं. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बा," ती जरा गोड आवाजात म्हणाली, "देऊन टाका ना. बँकेत जाणारेत पैसे. सुरक्षित."

"भाव परत चारशे चाळीस झाला की देते."

"आणि झालाच नाही तर?"

"तर राहू दे पडून. खायला मागतात का ते?"

"म्हणजे माझा प्लॅनही बंद, पैसेही अडकलेले," विरल म्हणाला. "निदान कायमच्या मंजुरीवर सही तरी कर. आजचं सोड, पुढचं तरी मिटेल."

"सही तर मुळीच नाही."

तो तिच्यापाशी गेला, खाली बसला, हात पुढे केला. लहानपणी खाऊचे पैसे मागायचा तसा. बानं त्याच्या तळहातावर एक गाठिया ठेवला.

"विरल, तूच सांगतोस ना, दिवसा बाजाराचं काही बघायचं नाही? मग सकाळी सकाळी माझ्या मागे का लागतोस? संध्याकाळी ये, तुझा तो चार्ट मलाही दाखव, मग बोलू."

"संध्याकाळी बाजार बंद असतो, बा. म्हणूनच तर आत्ता..."

भाविनीनं फ्रिजवरच्या कागदावर तिसरा गोल काढला, अर्धाच, आणि पेन टोपणात घातलं.

"अर्धा का?" त्यानं विचारलं.

"विकले गेले की पूर्ण करते. तोवर तुमचा सौदा चालू आहे."

"कुठल्या नियमानं चालू आहे? माझ्या, तुझ्या की बाच्या?"

बा चहा ओतत होती. कोपऱ्यावर कारखान्याच्या बसनं हॉर्न दिला, लांबलचक. विरलनं डबा उचलला, एक पाय चपलेत घातला.

"बा, शेवटचं विचारतो."

"विचार."

पुन्हा हॉर्न.

"जाऊ दे. बस सुटेल. मला आता निघायला हवं."